एक मीटर भिंत आणि दहापटीची चूक

कॅन्सरवर कोबाल्ट-६० चे किरण देणाऱ्या खोलीची भिंत काँक्रीटची, एक मीटर जाड समजू. पाठ्यपुस्तकातले सूत्र सांगते: e^(-μx). काँक्रीटचा μ सेंटीमीटरला सुमारे ०.१३३, म्हणजे भिंतीपलीकडे सहा लाखांतला एक वाटा पोहोचेल. प्रत्यक्षात पोहोचतो सत्तावन्न हजारांतला एक. दहापट जास्त!

गडबड μ कसा मोजतात त्यात आहे. शिशाच्या बारीक छिद्रातून गॅमा किरणांची काडीसारखी शलाका सोडायची, मध्ये काँक्रीट ठेवायचे आणि दूर, पुन्हा छिद्राआड, मापक. जो फोटॉन वाटेत इलेक्ट्रॉनला धडकून जरासा वळला, तो छिद्र चुकवतो. हिशेबात तो 'गेला'. पण तो मेलेला नसतो. थोडी ऊर्जा गमावून वेगळ्या दिशेने चाललेला असतो.

खऱ्या भिंतीवर किरण सगळीकडून पडतात. तिथून वळलेले इथे येतात, काही तर तीन-चार धडका खाऊन. म्हणून सूत्राला B ने गुणतात. हाच 'बिल्डअप फॅक्टर'. पातळ पत्र्यामागे तो एकच्या आसपास असतो. जाडी वाढते तसे सरळ येणारे फोटॉन झपाट्याने संपतात, भटके मात्र मागे उरतात, आणि B चढत जातो. शिसे धडकून मंदावलेले फोटॉन गिळून टाकते, त्यामुळे तिथे B बराच कमी. काँक्रीटला तेवढी भूक नाही.

आपल्या भिंतीला सहा लाखांतला एक हवाच असेल, तर आणखी साधारण २१ सेंटीमीटर काँक्रीट ओतावे लागेल.