कंपनीतला वाटा : भाग ४
फँटम युनिटचा भाव ठरतो कसा?

मागच्या भागात ईसॉप पाहिले. त्यात कर्मचारी खरोखरच भागधारक होतो. घरच्या मालकीच्या अनेक खासगी कंपन्यांना नेमके तेच नको असते. बाहेरचा माणूस भागधारकांच्या सभेत बसावा, त्याने ताळेबंदावर प्रश्न विचारावेत, याला त्यांची तयारी नसते. मग दोन वाटा उरतात: दरवर्षी नफ्यातला हिस्सा वाटणे किंवा फँटम स्टॉक देणे. फँटम स्टॉकमध्ये शेअर मिळत नाही, मतदानाचा हक्क मिळत नाही. मिळतो तो एक करार: कंपनीची किंमत वाढली, तर त्या वाढीइतकी रोख रक्कम आम्ही तुम्हाला देऊ.

समजा, भोसरीतली यंत्रांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे. तिची नफावाटणी सोपी आहे. करपूर्व नफा ३ कोटींच्या वर गेला, की वरच्या रकमेचा १० टक्के भाग कर्मचाऱ्यांचा. यंदा नफा ५ कोटी, म्हणून वाटायला २० लाख. ते पगाराच्या प्रमाणात वाटले जातात. एकूण पगारात ज्याचा पगार २ टक्के, त्या उत्पादन व्यवस्थापकाला ४० हजार मिळतात.

याच व्यवस्थापकाला २०२२ मध्ये ५,००० फँटम युनिट दिली होती. शेअर बाजारात नसलेल्या कंपनीला भाव नसतो, म्हणून करारात सूत्र लिहावे लागते. इथले सूत्र असे: व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा घ्या, त्याला ६ ने गुणा, त्यातून कर्ज वजा करा आणि १० लाख युनिटांनी भागा. २०२२ मध्ये हा नफा ४ कोटी आणि कर्ज ४ कोटी होते. म्हणजे कंपनीची किंमत २० कोटी आणि युनिटचा भाव २०० रुपये. २०२६ मध्ये नफा ६ कोटी, कर्जही ६ कोटी. किंमत ३० कोटी, भाव ३०० रुपये. करार फक्त वाढ देण्याचा असल्याने व्यवस्थापकाला युनिटमागे १०० रुपये, म्हणजे ५ लाख मिळतील. करारात 'पूर्ण मूल्य' असे लिहिले असते, तर हीच युनिटे १५ लाखांची झाली असती. पत्रावरचा युनिटांचा आकडा एकच, आणि हातात येणाऱ्या पैशांत तिपटीचा फरक!

आता खरी मेख. त्याच वर्षी मालकांनी स्वतःचा आणि मुलाचा मिळून पगार ५० लाखांनी वाढवला, असे धरा. त्यात बेकायदा काही नाही. नफावाटणीची रक्कम २० लाखांवरून १५ लाखांवर येते आणि आपल्या व्यवस्थापकाचे १० हजार जातात. फँटम युनिटमध्ये मात्र तेच ५० लाख सहापट होऊन वजा होतात. किंमत २७ कोटी, भाव २७० रुपये, आणि ५ लाखांचे साडेतीन लाख. कुटुंबाच्याच मालकीच्या गोदामाचे भाडे वाढवले, तरी हाच परिणाम. उलट जमीन विकून आलेला एक कोटी नफ्यात धरला, तर भाव उगाचच ६० रुपयांनी फुगतो आणि त्याचा भार कंपनीवर पडतो. म्हणून मालकांचा पगार व भाडे बाजारदराने धरायचे आणि एकदाच येणारी मिळकत वगळायची, हे कलम दोन्ही बाजूंना हवे. ते नसलेला करार माझ्या मते सही करण्याजोगा नाही.

कर्जाचेही तसेच. नव्या यंत्रासाठी काढलेले कर्ज लगेच वजा होते, यंत्राची कमाई मात्र दोन वर्षांनी दिसते. त्याच वर्षी निवृत्त होणारा नाहक भरडला जातो. तीन वर्षांच्या नफ्याची सरासरी घेतली, तर चांगल्यावाईट एका वर्षाचा झटका कमी होतो. पण कर्जाचा प्रश्न त्याने सुटत नाही, त्याची तरतूद वेगळी लिहावी लागते.

पैसे कधी मिळणार, हेही करारच ठरवतो: ठरलेल्या तारखेला, निवृत्तीला किंवा कंपनी विकली गेल्यावर. कंपनी विकली गेली, तर सूत्र बाजूला ठेवून प्रत्यक्ष विक्रीच्या किमतीने हिशोब व्हावा, असे लिहून घ्यावे. राजीनामा दिल्यास काही करारांत पिकलेली युनिटेसुद्धा बुडतात. हे कलम लोक वाचत नाहीत. शिवाय पैसे कंपनीच्या तिजोरीतून जातात, कोणी गुंतवणूकदार ते देत नाही. त्यामुळे रक्कम दोन-तीन वार्षिक हप्त्यांत देण्याची मुभा कंपन्या ठेवतात. तोवर कर्मचारी हा बिनतारणाचा धनको असतो, आणि बँक त्याच्या आधी उभी असते.

मिळालेली रक्कम पगार म्हणूनच करपात्र ठरते आणि कंपनी त्यातून टीडीएस कापते. भांडवली नफ्याचा कमी दर इथे लागू नाही, कारण विकायला शेअरच नव्हता.

तुमच्या हातात असे पत्र आले असेल, तर सही करण्याआधी कंपनीकडून गेल्या वर्षीच्या आकड्यांवर मांडलेला एक नमुना हिशोब मागा आणि तो कराराला जोडून घ्या.