आयगेनव्हॅल्यूचा ताळा

मॅट्रिक्सच्या पहिल्या ओळीत 4, 1 आणि दुसरीत 2, 3 आहेत. आयगेनव्हॅल्यू आल्या 5 आणि 2. कर्णावरच्या 4 आणि 3 ची बेरीज, म्हणजे ट्रेस, 7. 5 आणि 2 ची बेरीजही तीच. निश्चयक 12 − 2 = 10, आणि 5 × 2 सुद्धा 10. दोन बाय दोनमध्ये एवढे जुळले की किमती बरोबरच. तीन बाय तीनमध्ये ती खात्री नाही.

व्हेक्टरबद्दल मात्र हा ताळा मुकाच. 2 साठी कोणी (1, 2) लिहिले, तर मॅट्रिक्सने गुणून बघावे: (6, 8) येते, हवी होती दुप्पट, (2, 4). चिन्ह हुकले! (1, −2) घेतला की (2, −4) मिळते. पुस्तकात (−1, 2) असेल, तर आपले उत्तर खोडू नये, दोन्ही चालतात.