रजिस्टरमध्ये १९.५ लिहायचं की २६?

साइटवर काँक्रीट भरलं जातं तेव्हा त्यातलंच थोडं काँक्रीट १५० मिलिमीटरच्या लोखंडी साच्यांत भरून ठेवतात. दुसऱ्या दिवशी साचे खोलायचे, आतले ठोकळे म्हणजे क्यूब पाण्याच्या टाकीत सोडायचे आणि सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी मशीनमध्ये दाबून फोडायचे. किती भाराला क्यूब फुटला, त्यावरून काँक्रीटची ताकद कळते. हे काम बहुतेक वेळा सगळ्यात ज्युनिअर इंजिनिअरच्या गळ्यात पडतं, आणि नोकरीतला पहिला नैतिक पेच त्याला याच मशीनपाशी गाठतो.

समजा, एका इमारतीचे कॉलम एम-२५ काँक्रीटचे आहेत, म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी ताकद २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर अपेक्षित आहे. नमुन्याचे तीन क्यूब ४४०, ४५० आणि ४२८ किलोन्यूटनला फुटले. ताकद निघाली १९.६, २० आणि १९, सरासरी १९.५. आयएस ४५६ या मानकानुसार एम-२५ मध्ये एका नमुन्याची सरासरी २२ च्या खाली गेलेली चालत नाही. साइट इनचार्ज म्हणतात, “अरे, २६ लिही. क्यूब नीट भरले नसतील. सेंट्रिंग लागलंय, उद्या स्लॅब भरायचाय.” त्या कॉलमवर तोवर दोन स्लॅब चढलेले आहेत.

अशा संध्याकाळी काय करावं हे ठरवण्यासाठी अमेरिकेतल्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले तत्त्वज्ञ मायकेल डेव्हिस यांनी सात पायऱ्यांची एक पद्धत मांडली. इंजिनिअरिंगच्या नीतिशास्त्रात ती बरीच शिकवली जाते. प्रश्न नेमका मांडा, वस्तुस्थिती तपासा, संबंधित माणसं, कायदे आणि अडचणी पाहा, पर्याय काढा, पर्याय कसोट्यांवर घासा, निर्णय घ्या आणि शेवटी सगळं पुन्हा तपासा. विद्यार्थ्यांना मी याच पायऱ्यांनी नोंदवही लिहायला सांगतो. माझ्या मते खरी लढाई पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या पायरीवर होते.

पहिल्या पायरीवर बहुतेक मुलं लिहितात : “साहेबांचं ऐकू की खरं बोलू?” असा प्रश्न लिहिला की माणूस तिथेच अडकतो, कारण त्यात शूर व्हायचं की भित्रा एवढंच उरतं. तोच प्रश्न असा लिहून पाहा : “नमुना नापास झाला आहे, वर भार वाढतो आहे, हे कोणाला, कधी आणि कोणत्या कागदावर कळवायचं?” याचं उत्तर शोधता येतं.

दुसऱ्या पायरीसाठी पानावर तीन रकाने आखावेत : पाहिलेलं, ऐकलेलं, अंदाज केलेलं. मशीनवरचे तीन आकडे हे पाहिलेलं. ‘क्यूब नीट भरले नसतील’ हे ऐकलेलं. पण ते खोटंच आहे असं धरून चालू नये. क्यूब तीन थरांत भरून प्रत्येक थर ३५ वेळा ठोकायचा असतो. तो नीट ठोकला नाही, किंवा क्यूब टाकीबाहेर उन्हात पडून राहिले, तर कॉलम चांगला असूनही क्यूब कमी ताकदीला फुटतो. उलट रेडीमिक्सच्या गाडीत कोणी वरून पाणी ओतलं असेल तर क्यूब खरं सांगतोय. तिन्ही क्यूब एकमेकांच्या अगदी जवळ फुटले, म्हणून एखादाच क्यूब बिघडला असं म्हणता येत नाही. आता रजिस्टर मागे चाळायचं. सात दिवसांचा आकडा सापडतो : १२.५. साधारणपणे सातव्या दिवशी सुमारे दोन तृतीयांश ताकद यायला हवी, म्हणजे १६ च्या आसपास. म्हणजे इशारा तीन आठवडे रजिस्टरमध्ये पडून होता. ही ओळ पाहिलेल्या रकान्यात जाते, आणि साहेबांच्या म्हणण्यातला जोर कमी होतो.

तिसऱ्या पायरीवर उद्या त्या घरांत राहणारी कुटुंबं येतात, स्लॅब भरणारे मजूर येतात आणि डिझाइनवर सही करणारा स्ट्रक्चरल कन्सल्टंट येतो. स्वतःचा पगार आणि अनुभवाचा दाखलाही इथेच लिहावा. भीती पानावर आली नाही तर ती तर्काचा वेष घालून पुढच्या पायऱ्यांत शिरते.

चौथ्या पायरीवर डेव्हिस किमान पाच पर्याय काढायला सांगतात. २६ लिहिणं हा एक, राजीनामा देणं हा दुसरा. तिसरा : १९.५ लिहून इनचार्जना दाखवायचं, उद्याचा स्लॅब थांबवण्याची लेखी विनंती करायची आणि कॉलमची थेट तपासणी सुचवायची. चौथा : कन्सल्टंटला परस्पर कळवायचं. पाचवा : मालकाच्या प्रकल्प सल्लागाराकडे जायचं. तिसरा पर्याय उभा राहतो तो तांत्रिक माहितीमुळे. आयएस ४५६ मध्ये संशयित काँक्रीटमधून किमान तीन कोअर कापून तपासण्याची सोय आहे. त्यांची क्यूबच्या मापात काढलेली सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के, म्हणजे इथे सुमारे २१.३ निघाली आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली गेला नाही, तर काँक्रीट स्वीकारता येतं. साहेबांचा दावा खरा असेल तर कोअर तेच दाखवेल. त्यांना खोटं न पाडता बाहेर पडायची वाट मिळते.

कसोट्यांपैकी तीन इथे पुरतात. या पर्यायाने नुकसान कमी होतं का? उद्या वर्तमानपत्रात छापून आलं तर चालेल का? आणि त्या इमारतीत माझीच आई राहत असती तरी मी हेच केलं असतं का? पहिला पर्याय तिन्हींत पडतो. राजीनामा दुसरीत तरतो, पण पहिलीत पडतो, कारण तुम्ही गेलात तरी स्लॅब भरला जातोच. मग तिसरा पर्याय निवडायचा, आणि इनचार्जनी नकार दिला तर त्याच दिवशी चौथा. हा क्रमही आधीच लिहून ठेवावा.

सातवी पायरी विचारते : अशी वेळ पुन्हा येऊ नये म्हणून काय बदलायचं? उत्तर त्या १२.५ मध्ये आहे. सात दिवसांचा प्रत्येक आकडा त्याच दिवशी कन्सल्टंटकडे गेला असता, तर वरचे स्लॅब चढण्याआधीच थांबता आलं असतं.

या पद्धतीच्या मर्यादा आहेत. ती धैर्य देत नाही, आणि नोकरी जाणार नाही याची हमीही देत नाही. शिवाय निर्णय आधी घेऊन पायऱ्या मागून भरता येतात. अशी नोंद ओळखू येते : निवडलेला सोडून बाकी सगळे पर्याय फुसके असतात, ऐकलेल्याचा रकाना रिकामा असतो आणि लिहिणाऱ्याचं मत एकदाही हललेलं दिसत नाही. वहीत माणसांची, कंपनीची नावं घालू नयेत आणि कंपनीची ड्रॉइंग चिकटवू नयेत. वही कोणाच्याही हाती पडू शकते.

कोअर पास झाले तर ‘उगाच घाबरलो’ असं वाटतं, नापास झाले तर ‘मला माहीतच होतं’ असं वाटतं. दोन्ही वेळा मन मागचं चित्र बदलून टाकतं. निर्णय बरोबर होता का, हे त्या संध्याकाळी हाताशी काय माहिती होती त्यावरून ठरवायचं असतं. म्हणून साइटवर नव्याने लागलेल्या मुलामुलींना एवढंच सांगतो : नोंद त्याच दिवशी लिहा, वर तारीख घाला आणि कोअरचा रिपोर्ट आल्यावर तिच्यातला एकही शब्द खोडू नका. नवं सुचलं तर खाली नव्या तारखेने लिहा.