जुन्या अहवालांच्या आकड्यांचा ताळा

आपल्या शाळेच्या जुन्या छापील वार्षिक अहवालांची पाने पिवळी पडून कडेने तुटू लागली, म्हणून आम्ही ती स्कॅन करून संगणकाकडून वाचून घेत आहोत. मजकुरातील एखादे अक्षर चुकले तर वाचणाराच ते मनात दुरुस्त करतो. आकड्याचे तसे नसते. ३१९ च्या जागी ३९९ आले तरी ते तितकेच खरे दिसते. उद्या कोणी पुस्तकांवर त्या वर्षी किती खर्च झाला असे विचारले, तर चुकीचे उत्तर शाळेच्याच नावाने जाईल.

सुदैवाने जमाखर्चाच्या पानावर तळाशी एकूण रक्कम छापलेली असते. संगणकाने वाचलेल्या ओळींची बेरीज करायची आणि ती छापील बेरजेशी ताडून पाहायची. प्रत्येक पानाखाली आम्ही हे एक सूत्र घालतो:

```
=ROUND(SUM(C2:C7)-C8,2)
```

C8 मध्ये छापील एकूण असते. उत्तर शून्य आले की पान पुढे जाते. न आल्यास तो फरकच चूक कुठे आहे ते बरेचदा सांगतो.

१९६२-६३ च्या खर्चाचे पान घेऊ. संगणकाने असे वाचले: वेतन ८,४६०.००, भाडे ९६०.००, पुस्तके व नकाशे ३९९.५०, छपाई व टपाल १४५.२५, दिवाबत्ती ८७.७५, किरकोळ ६४.५०. बेरीज १०,११७.०० झाली. छापील एकूण १०,०३७.०० होते. फरक ८०, आणि आपली बेरीज जास्त.

देवनागरी छपाईत सर्वांत जास्त घोटाळा १ आणि ९ यांचा होतो, विशेषतः शाई पसरलेली असली तर. त्या दोहोंतला फरक ८. म्हणून ८, ८० किंवा ८०० असा फरक दिसला की आम्ही प्रथम हाच संशय घेतो. इथे फरक ८० आहे, म्हणजे चूक दशकस्थानी. बेरीज जास्त आहे, म्हणजे १ चा ९ झाला असावा. आता दशकस्थानी ९ असलेली ओळ शोधायची. सहा ओळींत ती एकच आहे, पुस्तके व नकाशे. मूळ पानावर भिंगाने पाहिले तेव्हा तिथे ३१९.५० च होते. (४ आणि ५ यांची अदलाबदल झाली तर फरक १, १० किंवा १०० येतो.)

दुसऱ्या एका पानावर फरक आला ६,३८५.५०. एवढा मोठा फरक पाहून आधी वाटले, एखादी ओळच दोनदा आली. पण या रकमेची ओळ नव्हती. मग ९९ ने भागून पाहिले. उत्तर बरोबर ६४.५० आले. दशांशाचा ठिपका पुसट असल्याने ६४.५० चे ६,४५० झाले होते. ठिपका गेला की रक्कम शंभरपट होते, आणि वाढ मूळ रकमेच्या ९९ पट असते.

बेरीज कमी पडली आणि फरक एखाद्या ओळीइतकाच असला, तर ती ओळ सुटलेली असते, किंवा तो आकडा तक्त्यात मजकूर म्हणून बसलेला असतो. SUM अशी घरे मोजत नाही. उलट ‘मागील पानावरून’ ही ओळ काही पानांवर येते. ती छापील एकूण रकमेत धरलेली आहे की नाही, हे पान पाहूनच ठरवावे लागते.

१ एप्रिल १९५७ पूर्वीच्या पानांवर रुपये-आणे-पै आहेत. तिथे वरची ९९ ची युक्ती चालत नाही. आम्ही प्रत्येक रकमेच्या पै करतो (१२ पैंचा आणा, १९२ पैंचा रुपया) आणि मग बेरीज घेतो.

या ताळ्यालाही मर्यादा आहे. एका ओळीत १ चा ९ आणि दुसरीत त्याच स्थानी ९ चा १ झाला, तर बेरीज जुळते आणि दोन्ही चुका लपतात. म्हणून वेतन आणि देणग्यांच्या ओळी आम्ही बेरीज जुळली तरी डोळ्यांनी तपासतो. कधी एकूण रक्कमच चुकीची वाचली जाते. तेव्हा दुसऱ्या बाजूच्या जमेशी, शिल्लक धरून, मेळ घालून पाहतो.

एक गोष्ट मात्र आम्ही करत नाही. फरक जुळावा म्हणून कोणताही आकडा अंदाजाने बदलत नाही. पानावर दिसेल तेच लिहितो. क्वचित सर्व ओळी नीट वाचूनही बेरीज जुळत नाही. तेव्हा चूक मूळ छपाईतलीच असू शकते, कारण खिळे जुळवणाऱ्याच्या हातूनही अंक चुकत. अशा वेळी छापील आकडा तसाच ठेवून शेजारच्या घरात किती फरक पडतो ते लिहितो. आतापर्यंत अशी तीन पाने निघाली आहेत. त्यांच्या हस्तलिखित किर्दी कोणाच्या घरी असतील तर ग्रंथालयात दाखवाव्यात.