दुसरी पेटी आणि तिचा न्यूट्रल

छतावर सोलर बसवलेल्या अनेक घरांना पहिल्याच भारनियमनात एक धक्का बसतो. बाहेर लख्ख ऊन, पॅनेल चकाकताहेत आणि घरात पंखे बंद! साध्या ऑन-ग्रिड इन्व्हर्टरने लाइट जाताच स्वतःला बंद करणं सक्तीचं असतं, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनपर्यंत वीज पोहोचेल. हायब्रिड इन्व्हर्टर हा पेच सोडवतो. त्याला विजेची दोन तोंडं असतात: एक महावितरणच्या लाइनला जोडलेलं, दुसरं बॅकअपचं. लाइट गेली की तो पहिलं तोंड फेज आणि न्यूट्रल दोन्हीसकट तोडतो आणि बॅटरी व सोलरवर फक्त दुसरं चालू ठेवतो.

या दुसऱ्या तोंडावर काय लावायचं, हे ठरवण्यासाठी घरात वेगळी पेटी बसवतात. तिला बॅकअप डीबी म्हणतात.

पाच किलोवॅटचा इन्व्हर्टर आणि पाच युनिटची लिथियम बॅटरी असलेलं एक बैठं घर घेऊ. थोडी राखीव ठेवून आणि इन्व्हर्टरमधली घट धरून हाती साधारण चार युनिट उरतात. फ्रिज सरासरी ६० वॅट, चार बीएलडीसी पंखे १२०, दिवे ५०, टीव्ही ८० आणि राउटर १० असा हिशेब ३२० वॅटवर जातो. म्हणजे ऊन नसलं तरी बारा तास निभावतात. दोन किलोवॅटचा गीझर याच पेटीवर असेल, तर अर्ध्या तासात एक युनिट संपतं. पंखे-दिव्यांचे तीन तास एका आंघोळीत गेले! बोअरचा पंप आणखी त्रासदायक, कारण सुरू होताना तो नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो आणि इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून सगळ्या घराला अंधारात टाकू शकतो. म्हणून गीझर, एसी, इंडक्शन आणि पंप मेन डीबीतच राहू द्यावेत.

इथवरचं काम कोणताही वायरमन करतो. चूक होते ती पुढे. मेन डीबीतून हॉलचा फेज काढून नव्या पेटीच्या एमसीबीला जोडला जातो, पण त्याचा न्यूट्रल जुन्या पट्टीवरच राहतो. जुन्या घरांत एकाच न्यूट्रलवर दोन-तीन खोल्या फिरवलेल्या असतात, त्यामुळे तो वेगळा काढणं जिकिरीचं असतं. लाइट असेपर्यंत दिवे बिनबोभाट लागतात. लाइट गेली की इन्व्हर्टर सुरू आहे, पेटीत फेज आहे, टेस्टरही पेटतो, आणि दिवा मात्र लागत नाही. करंटला परत यायला वाटच उरलेली नसते. नव्या पेटीत आरसीसीबी असेल, तर तो हा घोळ लाइट असतानाच ट्रिप होऊन सांगतो, कारण त्याच्यातून गेलेला करंट त्याच्यातूनच परत येत नाही. अशा वेळी ‘आरसीसीबी खराब आहे’ म्हणून तो काढून टाकणारे भेटतात. त्यांना हात जोडून थांबवावं.

तपासणी सोपी आहे. मेन आणि इन्व्हर्टर बंद करून मल्टिमीटरने दोन्ही पेट्यांच्या न्यूट्रल पट्ट्या एकमेकींशी लागतात का, ते बघायचं. बीप वाजला, तर कुठल्या तरी खोलीत दोन न्यूट्रल एकत्र आहेत. मग एकेक वायर पट्टीवरून सोडवत बीप कुठे थांबतो, ते शोधायचं. अर्थात हे हात परवानाधारक वायरमनचेच असावेत.

आणखी एक तपासणी बहुतेक ठिकाणी राहून जाते. महावितरणचा न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो. इन्व्हर्टरने तो तोडल्यावर बॅकअपचा न्यूट्रल अधांतरी राहतो. अशा वेळी फ्रिजच्या पत्र्यात करंट उतरला, तर जमिनीमार्गे परतायची वाट नसल्याने आरसीसीबी ट्रिप होईलच असं नाही. काही इन्व्हर्टर बॅकअपवर जाताच आतल्या रिलेने न्यूट्रल अर्थिंगला जोडतात, काहींमध्ये ही सोय सेटिंगमध्ये चालू करावी लागते. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण इथे भुलवतं, कारण ते फेज आणि न्यूट्रलमध्येच चाचणी करते, अर्थिंगला हात लावत नाही. म्हणून मेन स्विच पाडून, घर बॅटरीवर असताना, सॉकेटमध्ये लावायच्या टेस्टरने फेज आणि अर्थिंगमधली चाचणी घ्यावी.

पेटीशेजारी तीन खुणांचा चेंजओव्हर स्विचही हवाच: इन्व्हर्टर, बंद आणि थेट लाइन. तो फेज व न्यूट्रल दोन्ही बदलणारा असावा. बॅकअप डीबीची वीज लाइट असतानाही इन्व्हर्टरमधूनच येते. इन्व्हर्टर दुरुस्तीला गेला आणि हा स्विच नसला, तर शेजारच्या मेन डीबीत वीज खेळत असताना फ्रिज मात्र बंद पडतो.