शब्दार्थांच्या परिच्छेदातून अकारविल्हे तक्ता कसा कराल?



आपल्या अमरावती-अकोल्याकडची लेकरं घरून वऱ्हाडी शब्द घेऊन वर्गात येतात. पोट्टे 'वावर' म्हणतात, पुस्तकात 'शेत' असते. असे शब्द आपण टिपून ठेवतो, पण टाईप करताना एकामागे एक लिहीत जातो. मग मुलाला एखादा शब्द शोधायचा असला की पूर्ण परिच्छेद वाचावा लागतो. माझा मजकूर असा होता:

```
वावर - शेत, सांबार - कोथिंबीर, काहून - का, कशासाठी, ढोर - गाय-बैल, गुरे, पऱ्हाटी - कपाशीचे झाड, भेद्रं - टोमॅटो, उलीसा - थोडा, लहान, डोया - डोळा
```

याचा दोन रकान्यांचा तक्ता करायचा आहे. पहिल्यांदा मी प्रत्येक स्वल्पविरामाच्या जागी नवी ओळ टाकली अन् 'कशासाठी', 'गुरे', 'लहान' हे अर्थ वेगळे शब्द होऊन बसले. खरी अडचण इथेच आहे. स्वल्पविराम दोन जोड्यांच्या मध्येही आहे आणि एकाच शब्दाच्या दोन अर्थांच्या मध्येही आहे. कॉम्प्युटरला यातला फरक आपण सांगावा लागतो.

फरक सांगणारी खूण मजकुरातच आहे. ज्या स्वल्पविरामानंतर, दुसरा स्वल्पविराम येण्याच्या आधी, ' - ' येते, तिथून नवा शब्द सुरू होतो. ', कशासाठी' नंतर लगेच दुसरा स्वल्पविराम येतो, म्हणजे तो अर्थच आहे.

आधी तयारी. वर्डमध्ये टाईप करताना साधी रेघ पुष्कळदा आपोआप लांब होते. म्हणून `Ctrl+H` दाबून `^=` (लांब रेघ) शोधा आणि तिच्या जागी `-` टाका. मग ' - ' असे दोन्ही बाजूंनी जागा सोडून शोधा आणि किती वेळा आले ते मोजा. माझ्याकडे 8 आले, म्हणजे शेवटी तक्त्यात 8 ओळी हव्यात. 'गाय-बैल' मधल्या रेघेभोवती जागा नाही, म्हणून ती मोजली जात नाही आणि पुढे तुटतही नाही.

आता बदल. `Ctrl+H` मध्ये `More` उघडून `Use wildcards` वर खूण करा. वरची ओळ शोधायच्या चौकटीत आणि खालची बदलायच्या चौकटीत लिहा. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला स्वल्पविरामानंतर एक जागा आहे, शेवटी रेघेनंतरही एक जागा आहे. दोन्ही विसरू नका.

```
, ([!,]@) - 
^p\1^t
```

`[!,]@` म्हणजे 'स्वल्पविराम सोडून काहीही'. `^p` म्हणजे नवी ओळ, `^t` म्हणजे टॅब, आणि `\1` म्हणजे कंसात सापडलेला शब्द जसाच्या तसा. `Replace All` दिले की प्रत्येक जोडी आपल्या ओळीवर येते. पहिल्या शब्दाआधी स्वल्पविराम नसतो, म्हणून 'वावर - शेत' तसेच राहते. तिथली रेघ व तिच्या बाजूच्या जागा खोडून हाताने टॅब द्या.

तक्ता आणि क्रम. सर्व ओळी निवडा. `Insert`, `Table`, `Convert Text to Table` मध्ये रकाने 2 आणि `Tabs` निवडा. मग तक्त्याच्या `Layout` मधल्या `Sort` मध्ये पहिला रकाना, `Text`, `Ascending` घ्या. तिथल्याच `Options` मध्ये भाषा मराठी करा. मथळ्याची ओळ क्रम लावून झाल्यावरच जोडा.

| शब्द | अर्थ |
|---|---|
| उलीसा | थोडा, लहान |
| काहून | का, कशासाठी |
| डोया | डोळा |
| ढोर | गाय-बैल, गुरे |
| पऱ्हाटी | कपाशीचे झाड |
| भेद्रं | टोमॅटो |
| वावर | शेत |
| सांबार | कोथिंबीर |

चूक कशी ओळखाल? ओळी 8 भरल्या तरी एकदा डोळ्याखालून घाला. समजा कोणी 'उलीसा, उलसा - थोडा' असे दोन रूपे देऊन लिहिले, तर 'उलीसा' हा आधीच्या शब्दाच्या अर्थाला चिकटतो, म्हणजे 'टोमॅटो, उलीसा' असे दिसते. अशा जागी टाईप करतानाच 'उलीसा/उलसा' लिहिलेले बरे. एखादा शब्द कारण नसताना सर्वांत वर गेला, तर त्याच्याआधी रिकामी जागा राहिली असते.

क्रम पूर्णच विस्कटला तर फॉन्ट तपासा. मजकूर निवडून फॉन्ट 'मंगल' करा. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला, तर मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. तिथे 'क' हा कॉम्प्युटरसाठी 'क' नसतोच, इंग्रजी कळ असते. ऱ्हस्व वेलांटीही अक्षराच्या आधी टाईप झालेली असते. म्हणून 'किडा' हा शब्द 'क' मध्ये सापडणार नाही. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये करून घ्यावा, मगच वरची कृती करावी.

आणखी एक. 'क्ष' आणि 'ज्ञ' ही जोडाक्षरे आहेत, त्यामुळे नुसत्या संगणकी क्रमात 'क्षण' हा 'क' च्या शब्दांमध्ये, 'कौल' च्या नंतर बसतो. वर्गातल्या मुळाक्षरांच्या तक्त्यात मात्र ही अक्षरे शेवटी असतात. मुलं तिथेच शोधतील, म्हणून असे शब्द असले तर त्या ओळी हाताने खाली न्या, मगच प्रिंट काढा.