वार जुळला का?

जुन्या कागदावरच्या मितीची तारीख काढायची म्हटली की ‘शकात ७८ मिळवा’ हे सूत्र आठवते. जेधे शकावलीतल्या शिवजन्माच्या नोंदीला ते लावून पाहू. मिती आहे शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. ७८ मिळवले की १६२९ येते, आणि ते चूक आहे. शकाचे वर्ष पाडव्याला बदलते, इसवी सन मात्र मध्येच, बहुधा पौषात. म्हणून माघ-फाल्गुनाच्या मितीला ७९ मिळवायचे. पौष असेल तर दोन्ही बेरजा करून पाहाव्यात. आपले वर्ष १६३०.

आता दिवस. वद्य तृतीया पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवसाच्या आसपास येते. ती कोणत्या तारखेला पडली ते हिशेबाने काढता येते, पण अभ्यासक जंत्री उघडतात. शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि रॉबर्ट स्यूएल यांनी १८९६ साली यासाठीच कोष्टके छापली. उत्तर मिळते १९ फेब्रुवारी १६३०.

ते बरोबर कशावरून? मितीतल्या वारावरून. त्या दिवशी शुक्रवारच होता. चुकून एक वर्ष मागे गेलो असतो, तर हीच तिथी १६२९ च्या मार्चमध्ये सोमवारच्या आसपास पडली असती. तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली तर एखादा दिवस इकडेतिकडे होतो. सोमवारचा शुक्रवार त्याने होत नाही. वार नसलेल्या मितीला मात्र ही कसोटी लावता येत नाही, आणि असे कागद पुष्कळ असतात.

आणखी एक गाठ आहे. १९ फेब्रुवारी ही जुन्या, ज्युलियन पद्धतीची तारीख. आजच्या ग्रेगोरियन गणनेत तोच दिवस १ मार्च १६३०. शुक्रवार दोन्हीकडे एकच, कारण कॅलेंडर बदलताना वारांची साखळी तुटली नाही. गोव्यातले पोर्तुगीज तेव्हा नवी पद्धत वापरत, सुरतेचे इंग्रज जुनी. शिवाय इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे याच दिवशीच्या इंग्रजी पत्रावर सन १६२९ दिसला तरी दचकू नये.

विक्रम संवत शकाच्या १३५ ने पुढे, पण गुजरातेत तो कार्तिकात बदलतो, उत्तरेत चैत्रात. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून आपल्या फाल्गुन वद्याला तिथे चैत्र वदि म्हणतात. हाच दिवस राजस्थानातल्या कागदावर ‘चैत्र वदि ३, संवत १६८६’ असा येईल. चैत्र पाहून कुणी वर्षाची सुरुवात समजतो, ५७ वजा करतो आणि पुन्हा १६२९ वर येतो. प्रत्यक्षात चैत्र वदि हा तिथल्या संवताचा शेवटचा पंधरवडा. इथे वजा करायचे ५६.